तेरा लाखांची ऑफर आणि व्हॉट्सॲपवरचा एक मेसेज

प्रश्न: पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं काम करतोय. सध्याचं पॅकेज ९.५ लाख, हातात महिन्याला ७३,४०० येतात. नव्या कंपनीचं १३ लाखांचं ऑफर लेटर काल संध्याकाळी मेलवर आलं, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचाय. पहिल्या फोनवर अपेक्षा विचारली तेव्हा मीच १३ म्हणालो होतो. आता लेटरमध्ये बघतो तर त्यातले १.३ लाख व्हेरिएबल आहेत. त्याबद्दल आधी काही बोलणं झालं नव्हतं. एचआर मॅडम मराठी आहेत, सगळं व्हॉट्सॲपवरच चालतं. जास्त मागायचं तर चॅटवर कसं लिहू, किती आकडा टाकू? आणि मागितल्यावर ऑफरच काढून घेतली तर?

उत्तर:

तुम्हाला मेसेज करणाऱ्या त्या मॅडमच्या खुर्चीत मी सोळा वर्षं काढली आहेत, आधी हिंजवडीत आणि आता खराडीला. त्यामुळे तुमचा मेसेज त्यांच्या फोनवर पोचल्यानंतर त्याचं काय होतं, तिथूनच सुरुवात करते.

पगार वाढवून देणं त्यांच्या हातात नसतं, असलं तरी फार थोडं. त्या तुमच्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढतात, किंवा त्यातली दोन वाक्यं उचलून हायरिंग मॅनेजरला पाठवतात. मॅनेजर हो म्हणाला की ॲप्रूव्हलचा एक फॉर्म भरावा लागतो. त्यात सध्याचा सीटीसी, दिलेली ऑफर, नवा आकडा, त्यामुळे होणारी टक्केवारीतली वाढ आणि कारण असे रकाने असतात. कारणाचा रकाना जेमतेम दोन ओळींचा. आता कोणी लिहिलं, ‘मॅडम थोडं वाढवून मिळालं तर बरं होईल’, तर आकड्याच्या रकान्यात मी काय भरू? मग मी उलटा प्रश्न करते, ‘किती अपेक्षा आहे?’ समोरचा घाबरून काहीतरी कमीच सांगतो. तुमचा मेसेज असा हवा की मॅडमनी तो जसाच्या तसा पुढे ढकलला तरी चालेल. तुम्हाला कधीही न भेटलेला फायनान्सचा माणूस तो वाचणार आहे. एक आकडा आणि एक कारण, एवढंच त्याला पुरतं.

पण मेसेजच्या आधी हिशोब. आज काहीच पाठवू नका. लेटरचं शेवटचं पान, म्हणजे पगाराच्या ब्रेकअपचं परिशिष्ट उघडा. ते आलं नसेल तर पहिला मेसेज तेवढ्यासाठीच करायचा: ‘नमस्कार मॅडम, ऑफर लेटर मिळालं, मनापासून आभार. पगाराचं ब्रेकअप पाठवाल का? ते पाहून उद्यापर्यंत कळवतो.’ यात कुणाला काही खटकत नाही आणि तुम्हाला एक दिवस मिळतो.

तुमच्या १३ लाखांचं ब्रेकअप बहुधा असं काहीसं दिसेल. १.३ लाख व्हेरिएबल बाजूला काढले की फिक्स्ड उरतात ११.७ लाख. बेसिक महिना ५०,००० धरू. त्यावर कंपनीचा १२ टक्के पीएफ वर्षाला ७२,०००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के दराने २८,८६०. विम्याचा हप्ता नऊ-साडेनऊ हजार. हे सगळे मिळून सुमारे १ लाख १० हजार तुमच्या सीटीसीत मोजलेले आहेत, पण दरमहा खात्यात येत नाहीत. राहिले १० लाख ६० हजार, म्हणजे महिन्याला ८८,३३३. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ८२,१०० च्या आसपास.

आता शेजारी ७३,४०० ठेवून बघा. कागदावर पगार ३७ टक्क्यांनी वाढलाय आणि हातात येणारी रक्कम १२ टक्क्यांनी. महिन्याला साधारण ८,७०० रुपये. यात फसवणूक नाही, एवढं लक्षात घ्या. तुमच्या हातात येणारा आकडा बघता जुन्या कंपनीत पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० कापला जात असावा. नवी कंपनी तो पूर्ण बेसिकवर कापते. तो पैसा तुमचाच आहे, फक्त दूर ठेवलेला. ग्रॅच्युइटीला मात्र साधारणपणे पाच वर्षं नोकरी व्हावी लागते, आणि चार वर्षांत कंपनी बदलणाऱ्याने ती रक्कम पगारात धरू नये. व्हेरिएबलचं तर असं आहे की ते कंपनीच्या आणि तुमच्या कामगिरीवर ठरतं. पूर्ण मिळेलच असं लेटरमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे, आणि ती तुमच्याच प्रश्नात दडलेली आहे. तुम्ही १३ म्हणालात ते फिक्स्ड धरून. व्हेरिएबलचा विषय निघाला नव्हता. त्यांनी १३ दिले ते व्हेरिएबल धरून. ‘मीच १३ म्हणालो होतो, आता कुठल्या तोंडाने जास्त मागू’ ही तुमची अडचण आहे ना? मग जास्त मागूच नका. तोच आकडा मागा, फक्त फिक्स्डमध्ये. शब्द फिरवल्याचा ठपका येत नाही, आणि मॅडमना पुढे सांगायला सोपं जातं: ‘कॅंडिडेट १३ फिक्स्ड समजून चालला होता.’ हे त्या एका वाक्यात फॉर्ममध्ये लिहू शकतात. तुम्ही फोनवर खरंच तसं धरलं होतं, तरच हे चालेल. त्या पहिल्या फोनच्या नोंदी आमच्याकडे असतात. व्हेरिएबलसह १३ असं बोलणं झालं असेल तर तिथे लिहिलेलं सापडेल.

या आकड्याचा आणखी एक फायदा. ‘फिक्स्ड १३ लाख’ म्हटलं की कंपनीपुढे दोन वाटा राहतात. एक, व्हेरिएबल वर ठेवून सीटीसी वाढवायची. त्यांचं सूत्र ९० टक्के फिक्स्ड आणि १० टक्के व्हेरिएबल असं दिसतंय, तेव्हा फिक्स्ड १३ म्हणजे सीटीसी १४.४४ लाख. तुमच्या ९.५ वर ही ५२ टक्क्यांची वाढ झाली. इथे अडतं. कित्येक कंपन्यांत सध्याच्या पगारावर अमुक टक्क्यांच्या वर गेलं की वरच्या साहेबाची सही लागते, आणि तो साहेब विचारतो, ‘साडेनऊवाल्याला साडेचौदा कशासाठी?’ दुसरी वाट स्वस्त आहे. सीटीसी १३ च ठेवायची आणि व्हेरिएबल फिक्स्डमध्ये वळवायचं. टक्केवारी तीच राहते. पण काही ठिकाणी व्हेरिएबल ग्रेडला चिकटलेलं असतं, ते काढता येत नाही. कोणती वाट मोकळी आहे हे तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. म्हणून मागणी फिक्स्डची करा आणि वाट त्यांना निवडू द्या.

मनाशी मात्र खालची रेघही आत्ताच ठरवा, चॅट चालू असताना नाही. तुमच्या जागी मी ती १२.४ फिक्स्डला मारली असती. हा आकडा वाऱ्यावरचा नाही. गेल्या वर्षभरात तुमच्याइतक्याच अनुभवावर पुण्यात नोकरी बदललेल्या दोन-तीन ओळखीच्यांना विचारा, आणि विचारताना ‘पॅकेज किती’ असं विचारू नका, ‘फिक्स्ड किती’ असं विचारा. पॅकेज म्हटलं की लोक जॉइनिंग बोनस, व्हेरिएबल, कधीकधी शेअर्सही मिळवून सांगतात. लग्नात तर हमखास. त्यांचे आकडे ११ च्या घरात निघाले तर तुमची ऑफर आत्ताच चांगली आहे, आणि १३ साठी ताणण्यात अर्थ नाही. १२-१३ च्या घरात निघाले तर १२.४ ची रेघ बरोबर आहे.

आता मेसेज. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास टाका. सोमवारी सकाळी आमच्याकडे जॉइनिंगवाले असतात. शुक्रवारी संध्याकाळी टाकलेला मेसेज सोमवारपर्यंत लोळत पडतो आणि तोवर तुमची मुदत संपलेली असते. रात्री दहाला तर नकोच. वाचणारा वाचतो, ‘उद्या बघू’ म्हणतो आणि तो मेसेज चाळीस चॅट खाली जातो.

> नमस्कार मॅडम. ऑफरबद्दल पुन्हा एकदा आभार. टीमशी झालेलं बोलणं आवडलं आणि इथे रुजू होण्याची इच्छा आहे.
>
> ब्रेकअप पाहिलं. पहिल्या फोनवर मी १३ लाख म्हणालो तेव्हा ते फिक्स्ड धरून म्हणालो होतो. ऑफरमध्ये फिक्स्ड ११.७ लाख आहे. सध्याच्या नोकरीत माझा पगार पूर्ण फिक्स्ड आहे, त्यामुळे हातात येणाऱ्या रकमेत फरक १२ टक्क्यांच्या आसपास राहतो.
>
> फिक्स्ड १३ लाख करता येईल का? तसं झालं तर सुधारित लेटर मिळालं त्याच दिवशी सही करून पाठवतो आणि इथे राजीनामा देतो.
>
> तुम्हाला आत विचारावं लागेल याची कल्पना आहे. शुक्रवारच्या मुदतीआधी कळलं तर बरं होईल.

हा एकच मेसेज आहे. आधी नोट्समध्ये लिहा, वाचा, मग चिकटवा. ‘हाय मॅडम’, मग ‘एक बोलायचं होतं’, मग ‘बिझी आहात का’ अशी तुकड्यातुकड्यांची गाडी सोडू नका. पहिल्या दोन तुकड्यांवरच आमच्या पोटात गोळा येतो की हा येत नाहीये बहुतेक. व्हॉइस नोटही नको, कारण ती फॉर्मला जोडता येत नाही आणि मॅनेजर मीटिंगमध्ये बसून ऐकूही शकत नाही. मॅडम मराठी नसत्या तर हाच मजकूर साध्या इंग्रजीत लिहिला असता, बदल काही नाही.

यातलं प्रत्येक वाक्य एखादं काम करतं. पहिल्या परिच्छेदामुळे ‘हा दुसरीकडे चाललाय’ ही शंका जाते. दुसऱ्यात कारण आहे, आणि ते ऑफरच्या कागदातूनच काढलेलं आहे. तुमचा गृहकर्जाचा हप्ता, बहिणीचं लग्न, बाणेरचं भाडं यातलं काहीही त्यात नाही. हे ऐकून वाईट वाटतं, पण फॉर्ममध्ये लिहिता येत नाही. तिसऱ्यात एकच आकडा आहे. ‘१३ ते १३.५’ असं कधी लिहू नका, वाचणारा फक्त १३ वाचतो. आणि त्या आकड्याला लागूनच तुमचं वचन आहे: एवढं केलंत तर सही. मॅनेजरला सगळ्यात जास्त चीड याची येते की भांडून ॲप्रूव्हल आणावं आणि पोरगा तेच लेटर तिसऱ्या कंपनीला दाखवायला घेऊन जावा. ‘त्याच दिवशी सही’ या शब्दांनी ती भीती मिटते. अर्थात ते खरं असेल तरच लिहा.

दुसरी ऑफर असल्याची थाप मारायचा मोह होईल. नका मारू. आमचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘लेटर शेअर करता का?’ सध्याच्या पगाराचंही तेच. तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, पीएफचं पासबुक, सगळं रुजू होताना मागतात. फुगवलेला आकडा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये सापडतो, आणि तोवर तुमचा जुना राजीनामा मंजूर झालेला असतो.

मेसेज गेला. निळ्या टिका आल्या. पुढे काय?

बहुतेकदा दीड-दोन तासांत ‘बघते, कळवते’ येतं. त्यावर ‘चालेल मॅडम’ एवढंच लिहायचं. उत्तर नाही आलं तर कामाचा एक पूर्ण दिवस जाऊ द्या. गुरुवारी दुपारी एकदाच: ‘नमस्कार मॅडम, कालच्या मेसेजबद्दल काही कळलं का? उद्याची मुदत आहे म्हणून विचारतो. वेळ लागणार असेल तर मुदत सोमवारपर्यंत वाढवता येईल का?’ मुदत वाढवून मागणं यात गैर काही नाही, ती त्यांच्या सिस्टिममध्ये एका क्लिकवर वाढते. नुसती प्रश्नचिन्हं पाठवू नका. मला एकाने एका दुपारी सात प्रश्नचिन्हं पाठवली होती, प्रत्येक वेगळ्या मेसेजमध्ये. त्याचं ॲप्रूव्हल तेव्हा आलेलं होतं. तरी मी ते संध्याकाळी सांगितलं.

आता त्या काय म्हणतील ते पाहू. पहिली शक्यता: ‘या ग्रेडला बजेट एवढंच आहे.’ हे कधी खरं असतं, कधी पाणी जोखायला टाकलेलं असतं. दोन्हींना उत्तर एकच: ‘समजलं मॅडम. सीटीसी वाढवणं शक्य नसेल तर व्हेरिएबलचा काही भाग फिक्स्डमध्ये घेता येईल का? मला मुख्य प्रश्न फिक्स्डचाच आहे.’ नवी मागणी केली नाहीत, जुन्याच मागणीला दुसरं दार दाखवलंत. बजेट खरंच संपलेलं असेल तरी हे विचारायला मॅडमना संकोच वाटत नाही, कारण कंपनीचा खर्च फारसा वाढत नाही.

दुसरी शक्यता, आणि ही सगळ्यात अवघड: ‘कमीत कमी किती चालेल?’ इथे बहुतेक जण आपली खालची रेघ उघडी करतात, आणि मग तीच ऑफर होते. १२.४ हा आकडा तुम्ही टाइप करायचाच नाही. लिहा: ‘१३ ला मी लगेच होकार देईन. त्याच्या जवळपास जे शक्य असेल ते कळवा, मी विचार करून आजच सांगतो.’ पुढचा आकडा त्यांच्याकडून येऊ द्या.

तिसरी शक्यता, त्या म्हणतील ‘कॉल करते’. घ्या तो कॉल. अनेक मॅनेजर आकड्यांची चर्चा लेखी ठेवायला बिचकतात, आणि जरा जास्त द्यायचं असेल तेव्हा कॉलच येतो. फोनवर जो आकडा निघेल त्याला तिथल्या तिथे हो-नाही म्हणू नका. ‘अर्ध्या तासात मेसेज करतो’ म्हणा आणि फोन ठेवल्यावर लिहा: ‘आत्ता बोलल्याप्रमाणे फिक्स्ड १२.४ लाख, व्हेरिएबल १० टक्के वेगळं, बरोबर ना?’ ‘वेगळं’ हा शब्द विसरू नका. तो नसेल तर १२.४ हीच सीटीसी समजून लेटर येतं आणि पुन्हा पहिल्या पानावरून सुरुवात.

समजा आकडा १२.४ वर आला. ७०,००० वाढले. हातात किती? अर्धे बेसिकमध्ये जातात, त्यावर पीएफचे दोन्ही हिस्से आणि ग्रॅच्युइटी वजा होते, आणि महिन्याला साधारण ५,००० उरतात. म्हणजे ८२,१०० चे ८७,१००. जुन्या पगारावर साडेअठरा टक्क्यांच्या वर. माझ्या मते इथे थांबायचं. एकदा मागितलं, त्यांनी काहीतरी दिलं, आता पुन्हा ‘१२.६ नाही का होणार’ म्हटलं की मॅडमना मॅनेजरकडे दुसऱ्यांदा जावं लागतं, आणि दुसऱ्या खेपेला मॅनेजरच्या बोलण्यात तुमच्याबद्दलची विशेषणं बदललेली असतात.

फिक्स्ड अजिबात हललं नाही तर त्या जॉइनिंग बोनस पुढे करतील, कारण तो एकदाच द्यायचा असतो आणि पुढच्या वर्षाच्या बजेटवर बसत नाही. घ्यायला हरकत नाही, पण दोन गोष्टी विचारा. वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागतो का? जवळजवळ नेहमीच लागतो, आणि काही लेटरमध्ये टीडीएस कापण्याआधीची पूर्ण रक्कम परत मागितलेली असते. दुसरं, तो कधी मिळणार? इथे कराची एक गंमत आहे. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कर शून्य, आणि पगारदारांना त्याआधी ७५,००० ची वजावट मिळते. पण १२ च्या किंचित वर गेलात की जेवढे वर गेलात जवळजवळ तेवढाच कर बसतो. हा पट्टा साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत चालतो. तुमचं पूर्ण वर्षाचं उत्पन्न, व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर, नेमकं या काठाशी येऊन थांबतं: फिक्स्ड १२.४ धरलं तर करपात्र रक्कम ११ लाख ८७ हजारांच्या आसपास. रुजू व्हाल त्या वर्षी काही महिने जुना पगार असतो आणि व्हेरिएबल पूर्ण नसतं, म्हणून तेव्हा मिळालेला बोनस बहुधा अख्खा हातात येतो. तोच बोनस ‘निम्मा आता, निम्मा वर्षानंतर’ असा आला तर दुसरा हप्ता पूर्ण पगाराच्या वर्षात पडतो आणि त्याचा बराचसा भाग करात जातो. तेव्हा एवढंच विचारा: ‘पूर्ण रक्कम पहिल्या पगाराबरोबर मिळेल का?’ याला सहसा हो म्हणतात.

याच हिशोबाने, तुम्ही मागितलेले १३ फिक्स्ड पूर्ण मिळाले आणि व्हेरिएबलही पूर्ण मिळालं, तर त्या वर्षी पन्नास हजारांच्या आसपास कर भरावा लागेल. तरीही १३ च मागा. पुढची प्रत्येक पगारवाढ फिक्स्डवर मोजली जाते, आणि पुढच्या कंपनीतही तोच आकडा विचारतात.

ऑफर काढून घेण्याबद्दल. माझ्या हातून गेलेल्या ऑफर्समध्ये वरच्यासारख्या एका सभ्य मेसेजमुळे परत घेतलेली एकही मला आठवत नाही. चार फेऱ्या घेऊन, मॅनेजरचे तास खर्चून निवडलेला माणूस कंपनीला सोडायचा नसतो, आणि त्याच्या मागे रांगेत असलेला माणूस तोवर दुसरीकडे गेलेला असतो. वाईटात वाईट उत्तर ‘नाही, हेच आहे’ असं येतं, आणि शुक्रवारपर्यंत ती ऑफर उभीच असते. ज्या परत गेल्या त्यांची तऱ्हा निराळी होती. एकाने सही करून लेटर पाठवलं, आणि रुजू व्हायला दहा दिवस असताना दीड लाख जास्त मागितले. एकीने मॅनेजरला परस्पर लिंक्डइनवर गाठलं आणि एचआर अडवतेय म्हणून तक्रार केली. एकाने लिहिलं, ‘१८ नसतील तर पुढे बोलूया नको,’ आणि आम्ही बोललो नाही. बाजार मंदावलेला असेल आणि कंपनीने भरतीच गोठवली तर ऑफर जाऊ शकते, पण ती न मागताही जाते.

राजीनामा मात्र आत्ता देऊ नका. तुमचा नोटीस पीरियड बहुधा साठ किंवा नव्वद दिवसांचा असेल आणि लवकर सुटका व्हावी म्हणून हात शिवशिवत असतील. पण चॅटवर ‘झालं, ॲप्रूव्ह आलं’ असं मॅडमनी लिहिलं तरी ते ऑफर लेटर नव्हे. माझ्याच एका जुन्या कंपनीत माझ्या सहकारिणीने एका मुलाला चॅटवर सांगितलं, ‘आत्ता एवढ्यात ये, सहा महिन्यांनी एक लाख वाढवतो.’ तो आला. पाचव्या महिन्यात ती सहकारीणच कंपनी सोडून गेली. तिच्या जागी आलेल्याला त्याने चॅट दाखवला. नव्या माणसाने तो वाचला आणि विचारलं, ‘लेटरमध्ये कुठंय?’ सहा महिन्यांनी वाढीचं काही कबूल झालं तर ते तारखेसकट लेटरमध्ये आलं पाहिजे. कंपनी लेटरमध्ये घालायला तयार नसेल तर ती वाढ नाही असंच धरून चाला.

सुधारित लेटर मेलवर येईल तेव्हा चार जागा बघा. फिक्स्डचा आकडा, व्हेरिएबल त्याच्या आत की बाहेर, बोनस असेल तर त्याची तारीख आणि परतफेडीचं कलम, आणि रुजू होण्याची तारीख, कारण नवं लेटर काढताना तारीख जुनीच राहून जाते आणि तुमचा नोटीस पीरियड त्यात बसत नाही. नोटीस विकत घेऊन लवकर बोलावणार असतील तर त्याचे पैसे कोण भरणार तेही तिथेच लिहिलेलं हवं. हे सगळं जुळलं की सही करून मेलवर पाठवा, आणि मॅडमना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: ‘सही केलेलं लेटर मेल केलंय. आत विचारून दिलंत, आभार.’ मग जुन्या मॅनेजरला ‘पाच मिनिटं बोलायचं होतं’ म्हणायला मोकळे.